पुनर्भरण खड्डा : गाळण थर व त्यांचे घनफळ

छतावरील पावसाचे पाणी गाळून जमिनीत मुरवण्यासाठी डबर, खडी आणि जाड वाळू यांच्या थरांनी भरलेल्या खड्ड्यास पुनर्भरण खड्डा म्हणतात. सांडपाण्यासाठी घेतला जाणारा शोषखड्डा याहून वेगळा असून दोन्ही पाणी एकाच खड्ड्यात सोडू नये. थरांचा क्रम ठरलेला आहे: तळाशी मोठे दगड, त्यावर खडी आणि सर्वांत वर जाड वाळू. वाळू वर ठेवण्याचे कारण असे, की पाण्याबरोबर येणारा गाळ पृष्ठभागावरच अडावा आणि खड्डा न उपसता तो खरवडून काढता यावा.

मराठवाड्यात वर काळी माती, तिच्याखाली मुरूम आणि त्याखाली बेसाल्टचा खडक अशी रचना बहुतेक ठिकाणी आढळते. काळी माती ओली झाली की फुगते आणि पाणी जवळजवळ अडवून धरते, म्हणून खड्ड्याचा तळ काळ्या मातीत असून चालत नाही. तो मुरमात किंवा भेगा असलेल्या खडकात पोहोचलाच पाहिजे. खोली ठरते ती या मातीच्या जाडीवरून. घनफळाचा हिशेब त्यानंतर करावयाचा असतो.

हिशेब एका उदाहरणाने स्पष्ट होतो. छत १०० चौरस मीटरचे असून तासाभरात ४० मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यातले ८५ टक्के पाणी पन्हळीतून खाली आले असे धरले, तर खड्ड्यात ३.४ घनमीटर, म्हणजे ३,४०० लिटर पाणी येते. यासाठी २ मीटर लांब, १.५ मीटर रुंद आणि जादा पाण्याच्या पाइपाखाली २.४ मीटर खोल खड्डा घेतला. तळाचे क्षेत्र ३ चौरस मीटर असल्याने प्रत्येक थराच्या जाडीला ३ ने गुणले की त्याचे घनफळ मिळते. डबर ०.९ मीटर म्हणजे २.७ घनमीटर, ४० मिलिमीटरची खडी ०.३ मीटर म्हणजे ०.९ घनमीटर, १० मिलिमीटरची खडी तेवढीच, वाळू ०.४ मीटर म्हणजे १.२ घनमीटर, आणि वाळूच्या वर ०.५ मीटर मोकळी जागा, म्हणजे १.५ घनमीटर.

खड्ड्याचे एकूण आकारमान ७.२ घनमीटर असले तरी तेवढे पाणी त्यात मावत नाही, कारण दगडांनी जागा व्यापलेली असते. डबर आणि खडी यांत सुमारे ४० टक्के, तर वाळूत सुमारे ३५ टक्के पोकळी धरली, तर थरांमध्ये २.२२ घनमीटर पाणी राहते. मोकळ्या जागेतले १.५ मिळवले की साठवण ३.७२ घनमीटर होते. ती ३.४ पेक्षा थोडी जास्त आहे, म्हणून हे आकारमान पुरेसे ठरते. मोकळी जागा वाया गेली असे समजून काठोकाठ वाळू भरणारे पुष्कळ आहेत. त्यात साठवणीचा चाळीस टक्के भाग देणाऱ्या जागेचा बहुतांश हातचा जातो आणि गाळ खरवडायलाही वाव उरत नाही.

वरील उदाहरणात खडीचे दोन थर मुद्दाम घेतले आहेत. सर्रास सांगितल्या जाणाऱ्या कृतीत डबरावर थेट बारीक खडी आणि तिच्यावर वाळू येते, आणि माझ्या मते बहुतेक खड्डे इथेच फसतात. खालच्या थरातील लहान कण वरच्या थरातील मोठ्या कणांच्या साधारण चार ते पाच पटींपेक्षा मोठे असले, तर वरचा थर पोकळीतून खाली गळतो. दीड ते दोन मिलिमीटरची वाळू ५ ते १० मिलिमीटरच्या खडीवर टिकते, पण तीच खडी वीतभर दगडांवर टिकत नाही. उदाहरणातल्या डबरात १.०८ घनमीटर पोकळी आहे आणि बारीक खडी आहे ०.९ घनमीटर, म्हणजे मधला थर गाळला, तर ती सगळीच्या सगळी डबरात गडप होण्याइतकी जागा खाली असते. तिच्यामागोमाग वाळू खचते, पृष्ठभागावर खळगा पडतो, मालक त्यात आणखी वाळू ओततो आणि साठवण तेवढी घटते. ४० मिलिमीटरच्या खडीचा फूटभर थर हे सगळे रोखतो.

माल ब्रासने येतो आणि एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, अर्थात २.८३ घनमीटर. या खड्ड्यास डबर जवळपास एक ब्रास आणि दोन्ही खडी प्रत्येकी एक तृतीयांश ब्रास लागते. वाळू मात्र हिशेबाने ०.४२ ब्रास भरली, तरी अर्धा ब्रास मागवावी. दमट वाळू फुगून येते आणि खड्ड्यात पाणी पडताच बसते. खोदून झाल्यावर भिंतींवर चुन्याने थरांच्या रेषा आखून घ्याव्यात. डबर ट्रॉलीतून ओतू नये, हाताने रचावा. काळ्या मातीतून जाणारा वरचा भाग विटांच्या सिमेंटी बांधकामाने अडवावा, नाहीतर माती बाजूने वाळूत शिरते.

नदीची वाळू आता सहज मिळत नाही, त्यामुळे दगड फोडून केलेली वाळू वापरली जाते आणि तिच्यात दगडाची भुकटी असते. काचेच्या बरणीत अर्ध्यापर्यंत वाळू घेऊन वर पाणी भरावे, जोरात हलवावे आणि काही तास स्थिर ठेवावे. वाळूवर बसलेला चिकट, गुळगुळीत थर वाळूच्या उंचीच्या विसाव्या भागाहून जाड असेल, तर वाळू धुतल्याशिवाय भरू नये. खडीलाही हेच लागू आहे, कारण तिला चिकटलेली भुकटी पहिल्याच पावसात तळाशी जाऊन बसते आणि तिथून ती काढता येत नाही. गाळणीत काहीजण घालतात तो कोळशाचा थर मला अनावश्यक वाटतो. तो हलका असल्याने जागचा हलतो आणि कालांतराने चुरतो.

माल भरण्याआधी तळाची परीक्षा करणे आवश्यक आहे. रिकाम्या खड्ड्यात पाणी सोडून तळ भिजू द्यावा, मग ३० सेंटीमीटर पाणी भरून तासाभरात ते किती उतरते ते पाहावे. ३.४ घनमीटर पाणी ३ चौरस मीटर तळातून एका दिवसात जायचे, तर तासाला सुमारे ५ सेंटीमीटर उतरले पाहिजे. उतार सेंटीमीटरभरच असेल, तर साठा रिकामा व्हायला पाच दिवस लागतील. खाली अखंड कातळ किंवा लाव्ह्याच्या दोन थरांमधली लाल चिकण माती असण्याची शक्यता असते. अशा जागी थरांचे घनफळ वाढवून उपयोग नाही, जागाच बदलावी.

पहिल्या पावसात छतावरची धूळ धुऊन येते, म्हणून पहिले २ मिलिमीटर, म्हणजे या छताचे २०० लिटर पाणी, वेगळ्या झडपेतून बाहेर सोडतात. एवढे करूनही वाळूवर गाळाची साय धरतेच. तिची खूण ओळखण्यासाठी भरतेवेळीच चार इंच व्यासाचा, छिद्रे पाडलेला पाइप डबरापर्यंत उभा ठेवावा. वाळूच्या जाडीतला आणि तिच्या वरचा त्याचा भाग मात्र बिनछिद्री हवा आणि वर झाकण हवे. पाऊस थांबून बराच वेळ झाला तरी वाळूवर पाणी तुंबलेले असेल आणि पाइप रिकामा असेल, तर वाळू चोंदली आहे. वरची ५ सेंटीमीटर वाळू, म्हणजे अवघे ०.१५ घनमीटर, काढून तितकीच धुतलेली वाळू टाकली की काम होते. पाइपातही तेवढेच पाणी उभे असेल, तर तळ पाणी घेत नाही आणि तेव्हा वाळू बदलण्यावर केलेला खर्च फुकट जातो.