तीन रेषा आणि एकच वही

जानेवारी २०१८. मुंबईच्या फोर्ट भागात पंजाब नॅशनल बँकेची ब्रॅडी हाउस शाखा. हिरे-व्यापारातल्या एका समूहाचे लोक नेहमीचं काम घेऊन आले होते. परदेशी पुरवठादाराचे पैसे चुकते करायचे आहेत, त्यासाठी बँकेची हमीपत्रं हवीत. टेबलावर बसलेल्या नव्या अधिकाऱ्याने रिवाजाप्रमाणे सांगितलं, तुमची मंजूर मर्यादा नाही, तेव्हा शंभर टक्के रक्कम आधी भरावी लागेल. समोरून उत्तर आलं: आजवर तर एक पैसाही न भरता मिळत होती की.

अधिकाऱ्याने संगणकात शोधलं. आधी दिलेल्या हमीपत्रांची नोंदच नव्हती.

महिनाअखेरीस बँक सीबीआयकडे गेली तेव्हा तक्रारीत ८ हमीपत्रं होती, सुमारे २८० कोटींची. १४ फेब्रुवारीला शेअर बाजाराला कळवलेला आकडा ११,४०० कोटींच्या घरात होता आणि पुढे तो १३,००० कोटींच्याही वर गेला. हा घोटाळा कुणी केला यावर भरपूर लिहून झालं आहे. मला दुसराच प्रश्न छळतो. बँकेत शाखाप्रमुख होते, जोखीम विभाग होता, नियमपालन पाहणारं कम्प्लायन्स होतं, शाखेत रोजच्या रोज व्यवहार तपासणारं कॉन्करंट ऑडिट होतं आणि त्यावर अंतर्गत ऑडिट. एवढी माणसं नेमकी काय पाहत होती?

अंतर्गत ऑडिटरांच्या जागतिक संघटनेने २०१३ मध्ये या माणसांचा एक नकाशा मांडला आणि त्याला 'बचावाच्या तीन रेषा' म्हटलं. पहिली रेषा म्हणजे धंदा करणारे: कर्ज देणारा, हमीपत्र काढणारा, त्याचा साहेब. जोखीम त्यांच्या हातून निर्माण होते, म्हणून ती आवरण्याची पहिली जबाबदारीही त्यांचीच. दुसरी रेषा जोखीम आणि कम्प्लायन्सवाल्यांची. ते मर्यादा ठरवतात, नियम लिहितात, लक्ष ठेवतात आणि खटकलं तर हटकतात. तिसरी रेषा अंतर्गत ऑडिटची. पहिल्या दोघी सांगतात तसंच खरोखर चाललं आहे का, हे पाहून ती संचालक मंडळाला कळवते. २०२० मध्ये संघटनेने नावातून 'बचाव' काढून टाकलं. एकामागे एक तीन तटबंद्या, एक पडली तर दुसरी आहेच, असं चित्र त्या शब्दाने उभं राहायचं. प्रत्यक्षात या तीन वेगळ्या भूमिका आहेत, आणि त्या एकाच वेळी चालतात.

लोक इथे हमखास एक चूक करतात. जोखीम विभाग आणि ऑडिट दोन्ही 'तपासणारे', म्हणून त्यांना एका पंगतीत बसवतात. पण जोखीम विभाग व्यवस्थापनाचाच भाग आहे. मर्यादा किती ठेवायची याच्या निर्णयात त्याचा हात असतो, त्याचा प्रमुख मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याच्या बैठकीत बसतो, आणि ते योग्यच आहे. २०२० च्या मांडणीप्रमाणे पहिली आणि दुसरी रेषा गरजेनुसार एकमेकींत मिसळूही शकतात. छोट्या संस्थेत दोन्ही कामं एकच माणूस पाहतो. तिसरी मात्र मिसळून चालत नाही. खरी सीमारेषा दुसरी आणि तिसरी यांच्यामध्ये आहे. तिच्या अलीकडे निर्णय घेणारे किंवा त्यात वाटा असणारे, पलीकडे निर्णयात हात नसलेले.

म्हणूनच ऑडिटरला कधीही "तुम्हीच नोंदींची जुळवणी रोज करत जा ना" असं सांगू नये. ऐकायला सोयीचं वाटतं आणि अनेक ठिकाणी सांगितलंही जातं. पण रोजची जुळवणी तो करू लागला की ते काम पहिल्या-दुसऱ्या रेषेचं झालं, आणि ती जुळवणी नीट होते का हे सांगणारं कुणी उरलं नाही.

आता पुन्हा ब्रॅडी हाउसमध्ये जाऊ. हमीपत्राचा, म्हणजे लेटर ऑफ अंडरटेकिंगचा, सरळ रस्ता असा. ग्राहक अर्ज करतो. शाखा त्याची मर्यादा पाहते, तारण किंवा रोख घेते, कमिशन लावते आणि बँकेच्या मुख्य संगणक-प्रणालीत, कोअर बँकिंगमध्ये, नोंद करते की उद्या एवढी रक्कम आपल्या अंगावर येऊ शकते. मग स्विफ्ट या आंतरराष्ट्रीय संदेशजाळ्यातून परदेशातल्या बँकेला निरोप जातो: याला पैसे द्या, परतफेडीची हमी आमची. स्विफ्टवरून पैसे जात नाहीत, फक्त निरोप जातो. पण तो कुणाकडून आला याची खात्री असते, म्हणून पलीकडची बँक त्यावर विसंबून डॉलर देते.

या शाखेत निरोप गेले, नोंदी झाल्या नाहीत. दोन्ही यंत्रणा एकमेकींना जोडलेल्याच नव्हत्या. निरोप पाठवणारा माणूसच आठवणीने कोअर बँकिंगमध्ये नोंद करेल, या भरवशावर सगळं उभं होतं. जुन्या हमीपत्राची मुदत संपली की नवं काढून त्यातून जुनं फेडायचं, त्यामुळे पलीकडच्या बँकेची तक्रार कधी आलीच नाही. आरोप असलेला अधिकारी २०१० पासून त्याच शाखेत परकीय चलनाचं टेबल सांभाळत होता. संवेदनशील जागेवरचा माणूस साधारण ३ वर्षांत हलवावा असा केंद्रीय दक्षता आयोगाचा दंडक आहे. तो २०१७ मध्ये निवृत्त झाला आणि साखळी तुटली. बदलीचा नियम पाळला असता तर ती किती आधी तुटली असती, याचा हिशेब वाचकांनीच करावा.

समजा, या शाखेत एका महिन्यात कोअर बँकिंगमध्ये ६ हमीपत्रं दिसतात आणि स्विफ्टवरून प्रत्यक्षात ९ गेली आहेत. (आकडे माझे, समजण्यापुरते.) ऑडिटर येतो आणि यादी मागतो. शाखा कोअर बँकिंगमधून ६ हमीपत्रांची यादी छापून देते. ऑडिटर कामाचा पक्का आहे, तो नमुना म्हणून दोन-तीन निवडत नाही, सहाच्या सहा तपासतो. अर्ज आहे, मंजुरी आहे, रोख भरली आहे, कमिशन घेतलं आहे. शंभर टक्के तपासणी, शून्य त्रुटी. उरलेली तीन त्याला दिसणारच नाहीत. तो दहापट मेहनती असता तरी दिसली नसती.

ऑडिटमध्ये ही दिशेची गोष्ट आहे. वहीतून, म्हणजे इथे कोअर बँकिंगच्या नोंदींतून, बाहेर गेलात तर कळतं की वहीत लिहिलेलं खरं आहे का. वहीत काय लिहायचं राहिलं, हे कळायला बाहेरून वहीत यावं लागतं. म्हणजे आधी स्विफ्टच्या सर्व्हरवरून गेलेल्या निरोपांची नोंद घ्यायची आणि मग प्रत्येक निरोप कोअर बँकिंगमध्ये शोधायचा. किंवा परदेशात बँकेचं जे डॉलर खातं असतं, त्याला नोस्ट्रो म्हणतात, त्याचा उतारा तिकडच्या बँकेकडून थेट मागवायचा आणि त्यातली प्रत्येक रक्कम आपल्या वहीत कुठे आहे ते पाहायचं. तीन निरोप अनाथ निघाले की गोष्ट उघडी.

मीही सुरुवातीची काही वर्षं शाखांच्या ऑडिटला जायचो. चहाचा कप आणि "साहेब, ही घ्या यादी" हे शब्द एकत्रच यायचे. यादी कुठून काढली, हे विचारायला मला बराच काळ लागला. विचारायला लागलो तेव्हा चहा थोडा गार यायला लागला.

ब्रॅडी हाउसचा धडा मी असा वाचतो. तक्त्यावर रेषा तीन होत्या, पण तिघींची नजर एकाच वहीवर होती आणि ती वही पहिल्या रेषेने लिहिलेली होती. जोखीम विभागाचे अहवाल कोअर बँकिंगवरून. कमिशनचा हिशेब कोअर बँकिंगवरून. कॉन्करंट ऑडिटची यादीही तिथूनच निघणार. तपासात पुढे एका कॉन्करंट ऑडिटरलाही सीबीआयने अटक केली. त्याचा दोष किती हे न्यायालय ठरवेल. पण तो अगदी प्रामाणिक असता आणि यादी शाखेकडूनच घेत असता, तरी निष्कर्ष तोच आला असता. ऑडिटरच्या स्वातंत्र्याबद्दल बोलताना आपण तो कुणाला उत्तरदायी आहे ते पाहतो. त्याची माहिती कुठून येते हेही त्याच स्वातंत्र्यात मोडतं.

उत्तरदायित्वाचा भाग रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२१ च्या परिपत्रकात बराच घट्ट केला. अंतर्गत ऑडिटचा प्रमुख थेट संचालक मंडळाच्या ऑडिट कमिटीला, सर्वोच्च अधिकाऱ्याला किंवा पूर्णवेळ संचालकाला उत्तरदायी असावा. कमिटीऐवजी या दोघांपैकी कुणाला असेल, तर ऑडिटप्रमुखाच्या वार्षिक मूल्यमापनाचा फेरआढावा ऑडिट कमिटीने घ्यायचा, आणि तिमाहीत किमान एकदा कमिटीने त्याला वरिष्ठ अधिकाऱ्यांना बाहेर ठेवून भेटायचं. त्याला धंद्याची उद्दिष्टं द्यायची नाहीत. ही बंद दाराआडची भेट मला सगळ्यांत कामाची वाटते. साहेबासमोर "सगळं ठीक आहे" म्हणणारा माणूस साहेब बाहेर गेला की दोन वाक्यं जास्त बोलतो.

दुसऱ्या रेषेचीही जबाबदारी इथे कमी नव्हती. स्विफ्टचा गैरवापर होऊ शकतो, असा इशारा ऑगस्ट २०१६ पासून किमान तीनदा दिला होता, असं रिझर्व्ह बँकेनेच नंतर सांगितलं. असा इशारा आला की तो कोणत्या शाखेत लागू होतो, काय बदलायचं आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे ठरवणं दुसऱ्या रेषेचं काम. बदललं का, हे जाऊन पाहणं तिसऱ्या रेषेचं. बहुतेक ठिकाणी मधेच एक 'पूर्तता अहवाल' येतो. शाखा लिहिते 'पूर्तता केली', मुख्य कार्यालय मुद्दा बंद करतं आणि ऑडिटर पुढच्या वर्षी बंद मुद्द्यांकडे पाहत नाही. एकच मुद्दा तीन वर्षं दर वेळी 'बंद' होऊन पुन्हा उगवत असेल, तर तिथे रेषा फक्त कागदावर आहेत असं समजावं.

मार्च २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने आयातीसाठीची ही हमीपत्रंच बंद केली आणि स्विफ्ट व कोअर बँकिंग जोडायला ३० एप्रिलची मुदत दिली. आता वहीत नोंद नसेल तर निरोप बाहेर पडू नये, अशी रचना अपेक्षित आहे. त्यामुळे ऑडिटरचा प्रश्न बदलला. स्विफ्टवर मोकळ्या मजकुराचे निरोपही असतात, ज्यांना वहीतली नोंद लागेलच असं नाही. जोडणी बंद पडली तर हाताने निरोप पाठवायची आपत्कालीन सोयही असते. तेव्हा शाखेत जाण्याआधी मुख्य कार्यालयातल्या सर्व्हरवरून दोन याद्या काढाव्यात: वर्षभरातले मोकळ्या मजकुराचे निरोप आणि हाताने पाठवलेले निरोप. शाखेने दिलेली यादी त्यानंतर हातात घ्यावी.