शेवटचा हप्ता आज कितीला पडतो?

गृहकर्जाची मुदत संपायला सतरा वर्षे उरली असताना हाती आलेले तीन लाख रुपये एकदम भरले, तर व्याजाचे जवळपास पावणेनऊ लाख रुपये वाचतात, असे सांगितले की ऐकणाऱ्याला हिशोबात चूक असल्याचा संशय येतो. चूक नाही, मात्र हे पैसे नेमके कुठून वाचतात ते समजून घ्यायला हवे.

कर्ज ३० लाखांचे, व्याजदर वार्षिक ९ टक्के आणि मुदत २० वर्षे म्हणजे २४० महिने, असे धरू. मासिक हप्ता २६,९९२ रुपये येतो. घटत्या शिलकीच्या पद्धतीत दर महिन्याला आधीच्या शिल्लक मुद्दलावर पाऊण टक्का व्याज लागते, ते हप्त्यातून आधी वजा होते आणि उरलेली रक्कम मुद्दलात जाते. त्यामुळे पहिल्या हप्त्यातले २२,५०० रुपये व्याजाचे असतात आणि मुद्दल फक्त ४,४९२ रुपयांनी कमी होते. तीन वर्षांत ३६ हप्ते, म्हणजे सुमारे ९ लाख ७२ हजार रुपये भरूनही मुद्दल २८ लाख १५ हजारांवरच उभे असते. कर्जदाराला सर्वाधिक खटकते ते हेच.

आता शेवटच्या, म्हणजे आजपासून २०४ महिन्यांनी येणाऱ्या हप्त्याकडे पाहा. त्या दिवशी २६,९९२ रुपये द्यायचे आहेत. पण तोच हप्ता आज मिटवायचा तर किती लागतील? दरमहा पाऊण टक्क्याने २०४ महिने वाढून जी रक्कम २६,९९२ होईल, तेवढीच; आणि ती भरते ५,८७८ रुपये. त्याच्या आधीचा हप्ता ५,९२२ रुपयांना मिटतो, त्याच्या आधीचा आणखी थोड्या जास्त रकमेला. हप्ता तेवढाच ठेवून एकरकमी भरणा केला की आपण वेळापत्रकाच्या शेपटाकडून असे एकेक हप्ते आजच्या किमतीत विकत घेत मागे येतो. तीन लाखांत असे ४३ हप्ते पूर्ण मिटतात आणि त्यांच्या आधीच्या हप्त्याचाही काही भाग सुटतो. २०४ ऐवजी १६१ हप्ते उरतात, त्यातला शेवटचा सुमारे १६,९०० रुपयांचा. न भरावे लागलेले एकूण सुमारे ११ लाख ७१ हजार रुपये, त्यातून आपले तीन लाख वजा केले की ८ लाख ७१ हजारांची बचत उरते.

स्वतःच्या कर्जाचा आकडा काढायला स्प्रेडशीटमधली एक ओळ पुरते. त्यात मासिक दर, हप्ता आणि भरण्यानंतरचे मुद्दल येते:

```
=NPER(0.09/12, -26992, 2515151)
```

उत्तर सुमारे १६०.६ येते, अपूर्णांकातला भाग म्हणजे तो शेवटचा छोटा हप्ता.

हेच तीन लाख पंधरा वर्षे झाल्यावर, ६० हप्ते उरले असताना भरले, तर फक्त १६ हप्ते पूर्ण मिटतात आणि बचत १ लाख ४३ हजारांवर येते. कारण तोवर शेवटच्या हप्त्याची आजची किंमत ५,८७८ वरून सुमारे १७,२४० रुपयांवर चढलेली असते. व्याजदर दोन्ही वेळी तोच आहे; फरक आहे तो पैसा किती काळ काम करतो याचा. म्हणूनच या पावणेनऊ लाखांना खैरात समजू नये: तीन लाख रुपये ९ टक्क्यांनी गुंतल्यासारखे आहेत, आणि तेवढाच परतावा खात्रीने दुसरीकडे मिळत असेल, तर कर्ज आधी फेडण्यात वेगळा फायदा नाही.

प्रत्यक्षात घोटाळा होतो तो अर्ज भरताना. भरणा केल्यावर मुदत कमी करायची की हप्ता, हे विचारले जाते, किंवा न विचारताच हप्ता कमी केला जातो. मुदत तशीच ठेवली तर हप्ता २४,११५ रुपयांवर येतो आणि व्याजाची बचत २ लाख ८७ हजारांपुरतीच राहते. दरमहा सुटणारे २,८७६ रुपये ज्याला खरोखर हवेत, त्याच्यासाठी हा पर्याय चुकीचा नाही. पण मुदत कमी करायची असेल, तर तसे लेखी द्यावे. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार व्यक्तींच्या बदलत्या दराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व परतफेडीचा दंड घेता येत नाही. स्थिर दराच्या कर्जात मात्र करारातले कलम वाचूनच पैसे भरावेत.

कधीकधी भरलेली रक्कम मुद्दलात न जाता पुढच्या हप्त्यांची आगाऊ रक्कम म्हणून खात्यात पडून राहते, आणि मग व्याज जराही घटत नाही. हे ओळखणे सोपे आहे. पुढच्या महिन्याच्या उताऱ्यात व्याजाचा रकाना पाहावा: आपल्या उदाहरणात तो २१,११४ वरून १८,८६४ रुपयांवर, म्हणजे तीन लाखांच्या पाऊण टक्क्याने, २,२५० रुपयांनी उतरलेला दिसायला हवा. भरणा महिन्याच्या मध्ये केला असेल आणि व्याज रोजच्या शिलकीवर लागत असेल, तर पहिल्या महिन्यात ही घट थोडी कमी दिसेल. त्यापुढेही आकडा उतरला नाही, तर शाखेत जाऊन परतफेडीचे नवे वेळापत्रक मागावे आणि त्यात शेवटच्या हप्त्याची तारीख किती मागे आली आहे ते पाहावे.