मे महिन्यातली नळी आणि फुगलेल्या पेशी

परभणीत मे महिन्यात पारा 42-43 वर जातो आणि दुपारी रस्ते ओस पडतात. अशाच एका दुपारी माझ्या लॅबमध्ये एका खेड्यातून आठ-दहा नळ्या आल्या. जांभळ्या झाकणाच्या, सीबीसीच्या. रक्त आदल्या दिवशी सकाळी काढलेलं. रात्रभर ते तिथल्याच खोलीत राहिलं आणि मग दुचाकीच्या डिकीतून आमच्यापर्यंत आलं. डब्यातला बर्फ कधीच वितळून गेला होता.

त्यातली एक नळी चौतीस वर्षांच्या एका बाईंची. चिठ्ठीवर डॉक्टरांनी लिहिलं होतं, ‘अशक्तपणा, धाप’. मशीनने आकडे दिले: हिमोग्लोबिन 8.8, लाल पेशी 40 लाख, एमसीव्ही 81. म्हणजे रक्त कमी आहे, पण पेशींचा आकार नॉर्मल. टेक्निशियनने रिपोर्ट सहीला पुढे केला. मी पेन उचललं आणि एमसीएचच्या ओळीवर थांबलो. तिथे 22 होते.

हे आकडे कुठून येतात ते आपल्या मोंढ्यातल्या पोत्यांवरून सांगतो. लाल पेशी म्हणजे पोतं, हिमोग्लोबिन म्हणजे आतलं धान्य. एमसीव्ही म्हणजे एका पोत्याचा सरासरी आकार. एमसीएच म्हणजे एका पोत्यात सरासरी किती धान्य आहे ते. आणि एमसीएचसी म्हणजे पोतं किती ठासून भरलंय. आडतीवर एकेक पोतं उघडून बघायला कुणाला वेळ नसतो. एकूण माल आणि पोत्यांची संख्या माहीत असली की भागाकार करून सरासरी निघते. इथेही तेच आहे.

```
MCV  = Hct × 10 / RBC
MCH  = Hb × 10 / RBC
MCHC = Hb × 100 / Hct
```

इथे आरबीसी म्हणजे लाल पेशींची मोजणी, दशलक्षात. 40 लाख म्हणजे 4.0. एचसीटी म्हणजे हिमॅटोक्रिट, रक्ताच्या शंभर भागांपैकी लाल पेशींनी व्यापलेले भाग. अमेरिकेतले डॉक्टर मॅक्सवेल विंट्रोब यांनी 1930 च्या सुमारास ही पद्धत बसवली, तेव्हा नळी गरगर फिरवून पेशी तळाशी बसवायच्या, हिमॅटोक्रिट पट्टीवर मोजायचं आणि त्यावरून एमसीव्ही काढायचा. आजचं मशीन उलटं चालतं. पेशी एका बारीक छिद्रातून एकेक करून जाते, तेवढा क्षण विजेच्या प्रवाहाला अडथळा होतो, आणि अडथळा जितका मोठा तितकी पेशी मोठी. म्हणजे आकार थेट मोजला जातो आणि हिमॅटोक्रिट त्यावरून हिशेबाने निघतं. हिमोग्लोबिन वेगळंच मोजतात: पेशी फोडून, रंगाच्या गडदपणावरून.

हा फरक फक्त जुन्या-नव्या यंत्रांचा वाटेल, पण त्या दुपारी सगळं त्यावरच अडलं होतं. नळीतली पेशी जिवंतच असते. ती रक्तातली साखर खाते आणि त्या ताकदीवर सोडियम सतत बाहेर ढकलत राहते. साखर संपत आली की हा पंप मंदावतो, सोडियम आत शिरतं, त्याच्यामागे पाणी शिरतं, आणि पेशी फुगते. उन्हाळ्यात हे फार लवकर होतं. मात्र फुगलेल्या पोत्यात धान्य वाढत नाही आणि पोत्यांची संख्याही बदलत नाही. म्हणून एमसीव्ही खोटा वाढतो, त्याच्याबरोबर हिमॅटोक्रिट वाढतं, आणि माल तेवढाच पण पोतं मोठं झाल्याने एमसीएचसी खाली येतो. एमसीएचला आकाराशी काही देणंघेणं नाही, तो जागचा हलत नाही.

बाईंचे आकडे या नजरेने पाहिले. 8.8 गुणिले 10, भागिले 4.0, म्हणजे 22 पिकोग्रॅम. नॉर्मल साधारण 27 ते 32. हिमॅटोक्रिट 32.4 आलेलं, त्यावरून एमसीएचसी 27.2, हा 32 ते 36 च्या आसपास असायला हवा. आकाराने नॉर्मल पण आतून एवढी रिकामी पेशी म्हटल्यावर दोनच शक्यता. एकतर शरीरात खरंच तसं काही विचित्र चाललंय, किंवा नळीतल्या पेशींत पाणी शिरलंय. रक्त काढून 28 तास झाले होते, त्यामुळे मी दुसरी शक्यता धरली.

इथे आकाराला इतकं महत्त्व का, तर ॲनिमियाची पहिली वाटणी त्यावरच होते. एमसीव्ही 80 च्या खाली असेल तर लोहाची कमतरता किंवा थॅलेसेमिया मायनर आधी मनात येतं. 100 च्या वर असेल तर बी-12, फॉलिक ॲसिड, दारू, लिव्हर. मधला असेल तर नुकताच झालेला रक्तस्राव, किडनीचा आजार, जुनं दुखणं. 81 आकड्याने बाई मधल्या रांगेत बसल्या असत्या आणि लोहाचा विचार मागे पडला असता.

मी रिपोर्ट अडवला आणि डॉक्टरांना फोन केला. दुसऱ्या दिवशी सकाळी बाई सासूबाईंना घेऊन आल्या. “परवा तर रक्त दिलं होतं की, साहेब,” त्या म्हणाल्या. ते रक्त उन्हाने खराब झालं असं सांगितल्यावर दुसरा हात पुढे केला. पाळीच्या वेळी सात-आठ दिवस अंगावरून जास्त जातं, हे त्यांनी तेव्हाच सांगितलं, तेही सासूबाई पाणी प्यायला बाहेर गेल्यावर.

ताजी नळी तासाभरात मशीनवर लावली. हिमोग्लोबिन 8.8, पेशी 40 लाख, कालच्यासारखंच. एमसीएच 22, तोही तोच. एमसीव्ही मात्र 76. हिमॅटोक्रिट 30.4 वर उतरलं आणि एमसीएचसी 28.9 वर चढला. काचपट्टीवर थेंब पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर लहान, फिकट पेशी. मधला पांढरा भाग एवढा मोठा की काठाला फक्त गुलाबी कडी उरलेली. फेरिटिन 6 आलं. लोहाचा साठा संपला होता.

एमसीएचवर डोळे मिटून विसंबू नये, हेही सांगतो. तोही सरासरीच आहे. एकाच माणसात लोह आणि बी-12 दोन्ही कमी असतील, आणि आपल्याकडे दूधदुभतं कमी खाणाऱ्या शाकाहारी घरांत हे दिसतं, तर काही पेशी लहान, काही मोठ्या, आणि सरासरी अगदी नॉर्मल येते. तिथे आरडीडब्ल्यू पाहावा लागतो, म्हणजे पेशींच्या आकारात किती फरक आहे ते. पण रक्त जुनं झालं की आरडीडब्ल्यूही वाढतो. म्हणून ताज्या रक्ताची काचपट्टी डोळ्यांनी पाहण्याला पर्याय मला अजून सापडलेला नाही.

आता खेड्यांतून येणाऱ्या प्रत्येक नळीवर रक्त काढल्याची वेळ लिहायला लावतो. बाहेरच्या हवेत सहा-आठ तासांच्या आत, फ्रीजच्या थंडाव्यात असेल तर चोवीस तासांच्या आत ती मशीनवर लागली पाहिजे. आणि काचपट्टी रक्त काढलं तिथेच करून, वाळवून पाठवायची. सुरुवातीला खेड्यातला मुलगा कुरकुरला, मग शिकला.

बाईंना लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या आणि स्त्रीरोगतज्ज्ञांनी पाळीचा उपचार केला. महिन्याभराने त्यांनी आमच्याकडेच रक्त दिलं. हिमोग्लोबिन 10 च्या वर होतं, पण एमसीएच अजून 24.8. हे अपेक्षितच होतं. लाल पेशी साधारण 120 दिवस जगते, म्हणून त्या रक्तात जुनी रिकामी पोती आणि नवी भरलेली पोती एकत्रच फिरत होती. सप्टेंबरात पुन्हा आल्या तेव्हा हिमोग्लोबिन 12.0, पेशी 43 लाख, एमसीव्ही 85 आणि एमसीएच 27.9 होता. नळीवर वेळ लिहिली होती: सकाळी 9.10.