जिभेखालची सूज आणि श्वासाची वाट

चवथीचे दिवस. पेडण्याजवळच्या एका गावातला पंचेचाळिशीचा, मधुमेह असलेला गृहस्थ. खालची अक्कलदाढ चार दिवस ठणकत होती, पण घरात गणपती, म्हणून फार्मसीतल्या वेदनाशामक गोळ्यांवर त्याने दिवस काढले. पाचव्या दिवशी हनुवटीखाली सूज आली, संध्याकाळी नेवरी चावेना, रात्री पाणीसुद्धा गिळवेना. पहाटे तो खाटेच्या कडेला पुढे वाकून बसलेला, ओठांतून लाळ गळतेय आणि आवाज तोंडात गरम घास धरल्यासारखा. हा माणूस मी अनेक रुग्णांवरून जुळवून उभा केला आहे, पण त्याची प्रत्येक खूण खरी आहे.

या आजाराला लुडविग्ज अँजायना म्हणतात. विल्हेल्म फ्रेडरिक फॉन लुडविग या जर्मन डॉक्टरांनी 1836 मध्ये त्याचे वर्णन केले. अँजायना म्हटले की आपल्याला हृदयविकार आठवतो. इथे हृदयाचा काही संबंध नाही, मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ गळा आवळणे असा आहे.

दाढेचा जंतुसंसर्ग गळ्यापर्यंत पोचतो कसा? तोंडाचा तळ म्हणजे जबड्याच्या दोन्ही बाजूंमध्ये झोळीसारखा ताणलेला एक स्नायू. पुढच्या दातांची मुळे या झोळीच्या वर संपतात, तर शेवटच्या दोन दाढांची मुळे बहुधा तिच्याही खाली उतरलेली असतात. त्यामुळे मुळाशी साचलेला संसर्ग जबड्याचे आतल्या बाजूचे पातळ हाड पोखरून थेट झोळीखाली, जबड्याखालच्या जागेत उतरतो. झोळीच्या मागच्या मोकळ्या कडेला वळसा घालून तो जिभेखाली येतो आणि बघता बघता दोन्ही बाजू व्यापतो.

आता सूज जाणार कुठे? पुढे जबड्याचे हाड, खाली मानेचे चिवट आवरण. उरते ती वरची आणि मागची दिशा, आणि तिथे आहे जीभ. जीभ टाळूकडे उचलली जाते, मग घशाकडे ढकलली जाते, आणि तिच्यामागेच श्वासाची वाट आहे. लाळ जास्त सुटते म्हणून गळत नाही. दिवसाकाठी सुमारे 1 लिटर लाळ आपण नकळत गिळतो, ते गिळणेच थांबलेले असते. हनुवटीखाली बोट दाबून पाहिले तर सूज लाकडासारखी घट्ट लागते. सुरुवातीला तिथे पू फारसा नसतो, ऊतीच सुजून ताठरलेल्या असतात.

अशा माणसाला घरचे प्रेमाने म्हणतात, ‘बाबा, जरा आडवे व्हा.’ हेच करायचे नाही. आडवे होताच जीभ मागे पडते. तो वाकून बसलाय कारण त्या बसण्यानेच त्याची वाट उघडी आहे. 108 च्या रुग्णवाहिकेतही त्याला बसवूनच न्यावे. बोटावरच्या ऑक्सिमीटरवर 98 दिसले म्हणून निश्चिंत होऊ नये. वाट अरुंद होत असतानाही माणूस जोर लावून श्वास ओढत राहतो आणि आकडा टिकतो. तो घसरतो तेव्हा हाती मिनिटेच उरलेली असतात.

बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयासारख्या मोठ्या रुग्णालयात पोचल्यावर नातेवाइकांना वाटते, आधी इंजेक्शन द्यावे, सूज कापावी. प्रतिजैविक शिरेतून लगेच सुरू होतेच, पण त्याचा गुण दिसायला एक-दोन दिवस लागतात. वाट काही तासांत बंद होऊ शकते. सीटी स्कॅनलाही आडवे झोपावे लागते, म्हणून श्वास सुरक्षित नसेल तर तोही थांबतो.

श्वासनळीत नळी घालायची, तर नेहमीच्या शस्त्रक्रियेत रुग्णाला भूल देऊन झोपवतात आणि उपकरणाने जीभ हनुवटीखालच्या मऊ भागात दाबून स्वरयंत्र पाहतात. इथे तो मऊ भागच लाकूड झालेला. जीभ सरकवायला जागा नाही, तोंड दोन बोटेही उघडत नाही. त्यात भुलीने स्नायू सैल पडले की उरलीसुरली वाट मिटते आणि मास्कनेही हवा आत जात नाही. म्हणून भूलतज्ज्ञ रुग्णाला जागा ठेवतात, बसलेला ठेवतात, नाक आणि घसा औषधाने बधिर करतात, आणि लवचीक दुर्बिणीवरून नाकावाटे नळी सरकवतात. शेजारी सर्जन मान स्वच्छ करून तयार उभा असतो. नळी गेली नाही, तर जागेपणीच, मानेचा तेवढा भाग बधिर करून, छेद देऊन श्वासनळी उघडायची. सुजलेल्या मानेत तेही सोपे नसते, म्हणून ती तयारी आधीच करून ठेवलेली बरी.

आमच्या रुग्णाची नळी दुसऱ्या प्रयत्नात गेली. त्यानंतर त्याला पूर्ण भूल दिली, जबड्याखाली दोन्ही बाजूंना छेद देऊन ताण मोकळा केला, निचऱ्याच्या नळ्या ठेवल्या आणि ती दाढ काढली. साखर इन्शुलिनने आटोक्यात आणली. श्वासाची नळी मात्र चौथ्या दिवसापर्यंत राहिली, जीभ पुन्हा दातांच्या आत बसेपर्यंत आणि नळीभोवतीचा फुगा रिकामा केल्यावर कडेने हवा वाहताना ऐकू येईपर्यंत.