आयडियल गायब का होतं?

“ॲमस्टरडॅमच्या ऑनलाइन दुकानात तिथे राहणाऱ्या भावाला आयडियल दिसतं, मला पुण्यात फक्त कार्ड. भारतीयांवर विश्वास नाही म्हणून लपवतात ना?”

नाही हो. आयडियल म्हणजे नेदरलँड्समधल्या बँक खात्यातून थेट युरोत पैसे देण्याची सोय, जवळपास आपल्या यूपीआयसारखी. दुकानाचं पेमेंट पान आयपी पत्ता, म्हणजे तुमचं इंटरनेट कुठून जोडलंय ते, बिलाचा देश आणि चलन बघतं, आणि तुम्हाला चालणार नाहीत ते पर्याय गाळतं. हवं तर तुम्ही दुसऱ्या देशात आहात असं भासवणारं व्हीपीएन लावून बघा: आयडियल कदाचित दिसेलही, पण पुढे बँक निवडताना तुमची स्टेट बँक काही सापडायची नाही. पेमेंट पानाचा हा अंदाज चुकतोही. भाऊ सुट्टीत पुण्याला आला, की खातं तिकडचं असूनही त्याचं आयडियल गायब होऊ शकतं. तेव्हा बिलाचा देश बदलून बघावा.