आकड्यांतून उभी राहणारी चौकट

अमेरिकेत शब्दकोड्याचा एक प्रकार छापला जातो ज्यात चौकट दिलेलीच नसते. आडव्या आणि उभ्या शब्दांची शोधसूत्रे असतात, त्यांच्या आधी नेहमीसारखे क्रमांक असतात आणि चौकट किती बाय किती घरांची आहे एवढे सांगितलेले असते. काळी घरे कुठे आहेत, शब्द किती अक्षरांचा आहे, तो कुठून सुरू होतो, हे सगळे सोडवणाऱ्याने शोधायचे. या प्रकाराला तिथे 'डायग्रामलेस' म्हणतात. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ही चेष्टा वाटते. पण चौकट नाहीशी झाली तरी तिची जवळपास सगळी माहिती क्रमांकांत उरलेली असते. तसे का होते, ते समजण्यासाठी क्रमांक देण्याची पद्धत कशी बदलली ते पाहावे लागते.

२१ डिसेंबर १९१३ रोजी 'न्यूयॉर्क वर्ल्ड' या वृत्तपत्राच्या रविवार पुरवणीत आर्थर विन यांचे कोडे छापून आले. आजच्या शब्दकोड्याची सुरुवात तिथून मानतात. ते हिऱ्याच्या आकाराचे होते, मधला भाग रिकामा होता, आणि प्रत्येक शोधसूत्राला दोन आकडे होते: शब्द जिथे सुरू होतो त्या घराचा एक आणि जिथे संपतो त्या घराचा दुसरा. '२-३' म्हणजे दोन क्रमांकाच्या घरापासून तीन क्रमांकाच्या घरापर्यंत. वाचकाला यात शंकेला जागा नव्हती, पण शेवटच्या घरांनाही आकडे द्यावे लागत आणि चौकट मोठी झाली की पान आकड्यांनी भरून जाई.

पुढे रूढ झालेल्या पद्धतीत शेवटचा आकडा गेला. डावीकडून उजवीकडे, ओळीमागून ओळ, वरून खाली जात राहायचे. ज्या घरातून एखादा शब्द सुरू होतो त्यालाच पुढचा क्रमांक द्यायचा. आडवा आणि उभा दोन्ही तिथूनच सुरू होत असतील तर दोघांना एकच क्रमांक. शब्द कुठे सुरू होऊ शकतो? आडवा सुरू व्हायचा तर डावीकडे काळे घर किंवा चौकटीची कड हवी. उभा सुरू व्हायचा तर वर काळे घर किंवा कड हवी. म्हणजे क्रमांक कुणाला द्यायचा हे काळी घरेच ठरवतात. छपाईची जागा वाचवणाऱ्या या सोयीने नकळत चौकटीचा नकाशा शोधसूत्रांच्या यादीत उतरवून ठेवला.

नकाशा आहे, पण तो वाचता येण्यासाठी चौकटी शिस्तीत असाव्या लागतात. ती शिस्त लावण्याचे श्रेय मार्गारेट पेदरब्रिज यांना जाते. त्या 'वर्ल्ड'मध्ये कोड्यांचे संपादन करत. १९२४ मध्ये शब्दकोड्यांचे पहिले पुस्तक निघाले, तेही त्यांनी आणि प्रॉस्पर बुरानेली व ग्रेगरी हार्ट्सविक या दोन सहकाऱ्यांनी मिळून केले. त्यांच्या हाताखाली रूढ झालेले तीन नियम इथे महत्त्वाचे आहेत. प्रत्येक अक्षर आडव्या आणि उभ्या अशा दोन्ही शब्दांत असले पाहिजे. तीन अक्षरांपेक्षा लहान शब्द नको. आणि चौकट अर्धी फिरवून उलटी धरली तरी काळ्या घरांची नक्षी तीच दिसली पाहिजे. डायग्रामलेसचा जन्मही याच मंडळींत, १९२० च्या दशकात झाला. एका उपाहारगृहात बसले असताना त्यांच्याजवळ शोधसूत्रे होती पण चौकट नव्हती, तेव्हा हार्ट्सविक यांनी मेनूकार्डाच्या मागच्या बाजूला ती स्वतः काढत कोडे सोडवले, असा किस्सा सांगतात. किस्से रंगत जातातच, पण ज्यांनी हे नियम रोज वापरले त्यांनाच अशी चौकट परत उभारणे सुचावे, हे पटण्यासारखे आहे.

आता एक छोटी चौकट घेऊ. सात बाय सात घरे, वरचे तिन्ही नियम लागू, आणि पहिला आडवा शब्द अगदी डाव्या कोपऱ्यातून सुरू होतो एवढी सूचना. शोधसूत्रे मी मुद्दाम देत नाही, फक्त त्यांचे क्रमांक देतो.

आडवे: १, ४, ७, ८, ९, ११, १२, १६, १७, १८, १९.
उभे: १, २, ३, ४, ५, ६, १०, १२, १३, १४, १५.

पहिल्या ओळीच्या वर कड असते, म्हणून तिथल्या प्रत्येक पांढऱ्या घरातून उभा शब्द सुरू होतो आणि प्रत्येकाला क्रमांक मिळतो. पहिला आडवा शब्द १ ला सुरू झाला, पुढचा आडवा ४ ला. तेव्हा पहिला शब्द १, २, ३ एवढ्याच घरांचा, आणि चौथे घर काळे. पण ४ पहिल्याच ओळीत आहे की दुसऱ्या? दुसऱ्या ओळीच्या पहिल्या घरावर १ हे पांढरे घर आहे, त्यामुळे तिथून उभा शब्द सुरू होऊ शकत नाही. ४ मात्र उभ्यांच्या यादीत आहे. म्हणून ४ पहिल्याच ओळीत, आणि उरलेल्या तीन घरांत तीन अक्षरी शब्द बसवायचा तर पाचवे, सहावे, सातवे घर. एकही उत्तर न लिहिता पहिली ओळ झाली, आणि फिरवलेल्या नक्षीमुळे शेवटचीही.

७ आडव्यांत आहे, उभ्यांत नाही. यादीतला असा पहिला क्रमांक जाणकार सगळ्यात आधी शोधतात, कारण तो पहिल्या ओळीत असूच शकत नाही. इथे तो दुसऱ्या ओळीच्या सुरुवातीला येतो. उभे शब्द किमान तीन अक्षरांचे, म्हणून या ओळीत पहिली तीन आणि शेवटची तीन घरे पांढरी असणारच. मधले चौथे काळ्या घराखाली आहे. ते पांढरे असते तर तिथून उभा शब्द सुरू झाला असता, आणि ७ नंतरचा क्रमांक उभ्यांत दिसला असता. पण ८ फक्त आडव्यांत आहे. तेव्हा चौथे घर काळे, आणि ८ पाचव्या घरात.

तिसऱ्या ओळीत ९ आडवा, आणि नंतरचा १० फक्त उभा. चौथे घर काळे असते तर पाचव्यातून आडवा शब्द सुरू झाला असता. ते पांढरे आहे, म्हणूनच तिथून १० खाली उतरतो. तिसरी ओळ पूर्ण पांढरी, आणि तिचे उलटे रूप म्हणून पाचवीही.

राहिली चौथी ओळ. आडव्या यादीच्या शेवटाकडून मागे या: सातव्या ओळीत दोन शब्द (१८, १९), सहावीत दोन (१६, १७), पाचवीत एकच (१२). उरलेला ११ चौथीत, एकटा. आता उभ्यांमधले १२, १३, १४, १५ पाहा. हे चार शब्द पाचव्या ओळीत सुरू होतात, म्हणजे चौथ्या ओळीत त्यांच्या डोक्यावर चार काळी घरे आहेत. १२ पाचव्या ओळीच्या पहिल्या घरात, तेव्हा चौथ्या ओळीचे पहिले घर काळे, आणि समोरचे सातवेही. उरलेली दोन एकतर दुसरे-सहावे किंवा तिसरे-पाचवे. तिसरे-पाचवे काळे धरले तर मधले घर एकटे पडते आणि तीन अक्षरी आडव्या शब्दाला जागाच उरत नाही. म्हणून दुसरे-सहावे.

```
□□□■□□□
□□□■□□□
□□□□□□□
■■□□□■■
□□□□□□□
□□□■□□□
□□□■□□□
```

पूर्ण चौकट उभी राहिली आणि एकाही शोधसूत्राचा अर्थ लावावा लागला नाही. छापली जाणारी कोडी इतकी उदार नसतात. सतरा बाय सतराच्या चौकटीत नुसत्या आकड्यांनी पहिल्या एक-दोन ओळी मिळतात. नंतर उत्तरे आणि आकडे एकमेकांना ओढत पुढे नेतात. सुरुवातीचे घर सांगितलेले नसेल तर पहिली ओळ आडवी कुठेही सरकू शकते. त्यामुळे अनुभवी लोक चौकटीपेक्षा मोठा चौकडीचा कागद घेऊन मधेच कुठेतरी सुरुवात करतात, शब्दांचे वेगवेगळे पुंजके जमवतात आणि कडा ठरल्यावर जागेवर आणतात.

सगळ्यात जास्त फसगत वजाबाकीने होते. पहिल्या ओळीत दोन आडव्या क्रमांकांतला फरक म्हणजे शब्दाची लांबी, हे एकदा अंगवळणी पडले की माणूस तेच खालच्या ओळींत करू लागतो. वरच्याच उदाहरणात ७ आणि ८ मध्ये फरक एकाचा आहे, पण ७ चा शब्द तीन अक्षरी आहे. खालच्या ओळीत मधल्या क्रमांकांची संख्या फक्त एवढेच सांगते की त्या टापूत किती घरांच्या डोक्यावर काळे घर आहे. त्यापुढची लांबी उत्तरातूनच काढावी लागते. चूक झालीच तर ती फार काळ लपत नाही. पुढचा क्रमांक अशा घरावर येतो जिथे तो येऊ शकत नाही: उभा शब्द सुरू व्हायला हवा, पण वर पांढरे घर. किंवा एक काळे घर ठरवले की त्याच्या समोरच्या जागी आधीच अक्षर लिहिलेले सापडते. अशा वेळी शेवटच्या ओळीपासून मागे मोजत येणे उपयोगी पडते, कारण आडवी यादी दोन्ही टोकांकडून वाचता येते.

पेदरब्रिज लग्नानंतर फरार या आडनावाने ओळखल्या जाऊ लागल्या. 'न्यूयॉर्क टाइम्स'ने शब्दकोड्याला बरीच वर्षे नाके मुरडली आणि शेवटी १५ फेब्रुवारी १९४२ पासून रविवारी ते सुरू केले, तेव्हा संपादक म्हणून त्याच आल्या. रविवारच्या मोठ्या कोड्याच्या जोडीला येणाऱ्या दुसऱ्या कोड्यांत डायग्रामलेस अधूनमधून येत राहिले. ब्रिटनमध्ये याच्या जवळचा प्रकार 'स्केलेटन' या नावाने चालतो, पण तिथल्या चौकटी जाळीदार असतात. अनेक अक्षरे एकाच शब्दात असतात. त्यामुळे थोडी काळी घरे आणि क्रमांक आधीच दाखवलेले असतात, आणि सोडवणाऱ्याचा भर फिरवलेल्या नक्षीवर जास्त राहतो.

आपल्या मराठी शब्दकोड्यांना ही रीत लावून पाहिली तर पहिल्याच पायरीला पाय अडखळतो. आपल्याकडे एका घरात मात्रेसह, जोडाक्षरासह पूर्ण अक्षर बसते, शब्द साहजिकच आखूड होतात, आणि 'मन', 'रस' असे दोन अक्षरी शब्द सर्रास चालतात. बरीच घरे फक्त आडव्या किंवा फक्त उभ्या शब्दात असतात. मग पहिल्या ओळीतल्या पांढऱ्या घराखाली काळे घर असू शकते, त्याला क्रमांक मिळत नाही, आणि १ नंतर ३ आला म्हणून पहिला शब्द दोन अक्षरी असे ठरवता येत नाही. कुणाला मराठीत चौकटीविना कोडे रचायचेच असेल तर आधी दोन गोष्टी कराव्या लागतील: प्रत्येक अक्षर दोन्ही शब्दांत येईल अशी चौकट बांधायची, आणि दोन अक्षरी शब्द चालणार की नाहीत हे सोडवणाऱ्याला सुरुवातीलाच सांगून टाकायचे. तीन अक्षरांचा किमान नियम ठेवला तर पहिली ओळ वर दाखवली तशीच उलगडेल. तो नियम पाळून मराठीत सलग आठ-दहा ओळी विणणे मात्र रचणाऱ्याला भारी पडेल.