रामचंद्रन आलेख : φ आणि ψ कोनांचे वाचन

रामचंद्रन आलेख म्हणजे प्रथिनाच्या साखळीतला प्रत्येक दुवा, म्हणजे प्रत्येक अमिनो आम्ल, आपल्या कण्यापाशी किती आणि कोणत्या दिशेला पिळला आहे हे एका ठिपक्यात दाखवणारा चौकोनी आलेख. आडव्या अक्षावर फाय (φ) आणि उभ्या अक्षावर साय (ψ) हे पीळकोन असतात. दोन्ही अक्ष −180 ते +180 अंशांपर्यंत जातात. मद्रास विद्यापीठातील जी. एन. रामचंद्रन, सी. रामकृष्णन आणि व्ही. शशिशेखरन यांनी तो 1963 मध्ये ‘जर्नल ऑफ मॉलिक्युलर बायॉलॉजी’त मांडला. तेव्हा अणूंच्या पातळीवर उलगडलेली प्रथिने जवळपास नव्हतीच. त्यामुळे हा आलेख मोजमापांतून नव्हे, तर अणू एकमेकांच्या किती जवळ येऊ शकतात या गणितातून निघाला, आणि पुढे उलगडलेल्या हजारो प्रथिनांनी तो खरा ठरवला.

कण्यात प्रत्येक दुव्याचे तीन अणू येतात: नायट्रोजन, आल्फा कार्बन आणि कार्बनिल कार्बन. दोन दुव्यांना जोडणारा पेप्टाइड बंध अंशतः दुहेरी असल्याने तो जवळजवळ सपाट राहतो आणि सहसा फिरत नाही. फिरायला मोकळे उरतात ते आल्फा कार्बनच्या दोन बाजूंचे दोन बंध. नायट्रोजनच्या बाजूचा पीळ तो φ, कार्बनिलच्या बाजूचा तो ψ. चार-चार अणू घेऊन त्यांची व्याख्या अशी करतात:

```
φ : C(i−1) – N(i) – Cα(i) – C(i)
ψ : N(i) – Cα(i) – C(i) – N(i+1)
```

मधल्या बंधाच्या रेषेत डोळा लावून पाहायचे. पुढच्या अणूवरून मागच्या अणूकडे जाताना घड्याळाच्या काट्याच्या दिशेने वळावे लागले तर कोन धन, उलट दिशेने वळावे लागले तर ऋण. व्याख्येतच दिसते की साखळीच्या पहिल्या दुव्याला φ नसतो आणि शेवटच्याला ψ नसतो. म्हणून 76 दुव्यांच्या प्रथिनाचे आलेखावर 74 ठिपके पडतात. 1970 पूर्वीचे आलेख पाहताना एक सावधगिरी हवी. त्यांत पूर्ण ताणलेल्या साखळीला शून्य धरलेले असे, त्यामुळे आज −57, −47 वर दिसणारे आल्फा हेलिक्स तिथे 123, 133 वर सापडते.

आलेखाचा उजवा अर्धा भाग बहुतेक रिकामा का असतो, हे समजले की बाकीचे वाचन सोपे जाते. आल्फा कार्बनला कार्बनिल कार्बन, बाजूच्या साखळीचा बीटा कार्बन आणि एक हायड्रोजन चिकटलेले असतात. φ सुमारे −60 असेल, तर मागच्या दुव्याचा कार्बनिल कार्बन आपल्या कार्बनिल कार्बन आणि हायड्रोजन यांच्या मधल्या फटीत बसतो. हायड्रोजन लहान असल्याने तिथे अडचण होत नाही. φ +60 केला, की तोच कार्बन आपल्या कार्बनिल आणि बीटा कार्बनच्या मध्ये, दोन्ही बाजूंनी चेपलेल्या जागी येतो. ग्लायसिनला बीटा कार्बनच नाही, म्हणून त्याला डावी-उजवी दोन्ही बाजू सारख्या, आणि त्याचे ठिपके उजवीकडेही खुशाल फिरतात. प्रोलीनचे उलटे आहे. त्याची बाजूची साखळी वळून नायट्रोजनलाच जोडलेली असल्याने φ −65 च्या आसपास जखडला जातो. या दोघांचे आलेख वेगळे काढतात. सर्व दुव्यांवर एकच पार्श्वभूमी लावून ग्लायसिनच्या नावाने बोटे मोडणे ही नवशिक्यांची नेहमीची चूक.

उरलेल्या मोकळ्या जागेत दोन मोठी बेटे आहेत. डावीकडे मध्यरेषेच्या थोडे खाली, सुमारे −60, −45 पाशी, आल्फा हेलिक्सचे दाट बेट. डावीकडे वर, φ −120 आणि ψ +130 च्या परिसरात, बीटा शीटचे पसरट बेट. उजवीकडे +57, +47 पाशी एक छोटा ठिपका-समूह दिसतो, तो डाव्या हाताच्या हेलिक्सच्या कोनांचा. तिथे ग्लायसिनखालोखाल अ‍ॅस्परजिन बरेच आढळते. आलेखाच्या कडा खऱ्या कडा नाहीत. −180 आणि +180 हा एकच कोन असल्याने बीटा बेटाचा वरचा काठ संपला की त्याची शेपटी तळाशी, ψ −170 च्या आसपास दिसते. तळाचे ते ठिपके कुठून आले असे वाटले, तर कागद नळीसारखा वळवून पाहावा.

दोन बेटांपैकी एकात हेलिक्स आणि दुसऱ्यात शीट का बसावे? सर्व दुव्यांना तेच φ आणि ψ दिले तर साखळी आपोआप नियमित पिळाची होते. पेप्टाइड बंध सपाट आणि ट्रान्स धरला, तर एका दुव्यामागे ती किती अंश वळते (Ω) हे जवळपास φ + ψ या बेरजेवरच ठरते:

```
3 cos Ω = 1 − 4 cos²((φ + ψ)/2)
```

आल्फा हेलिक्सचे आदर्श कोन −57 आणि −47 घ्या. बेरीज −104, निम्मी −52. कोसाइन सुमारे 0.62, त्याचा वर्ग 0.38, चारपट 1.52. उजवी बाजू −0.52 येते, म्हणजे cos Ω सुमारे −0.17 आणि Ω सुमारे 100 अंश. 360 ला 100 ने भागले की 3.6 दुवे प्रति फेरा मिळतात, हाच हेलिक्सचा प्रसिद्ध आकडा. आता प्रतिसमांतर शीटचे −139 आणि +135 घ्या. बेरीज −4, कोसाइन जवळजवळ 1, Ω सुमारे 177 अंश. म्हणजे एका फेऱ्याला दोनच दुवे: साखळी एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला मोडत पुढे जाते, आणि शीटला चुण्या पडतात. बेरीज −75 केली तर Ω 120 च्या जवळ येतो आणि 3 दुव्यांचे 3₁₀ हेलिक्स मिळते. म्हणून एकसारख्या पिळाच्या साखळ्या आलेखावर तिरक्या रेषांवर बसतात, डावीकडून वरून खाली येणाऱ्या. खऱ्या प्रथिनांतल्या शीट-पट्ट्यांचे ठिपके बेरीज-शून्याच्या रेषेपेक्षा थोडे वरच्या बाजूला झुकलेले असतात. शीट सपाट पत्र्यासारखे न राहता पंख्याच्या पात्यासारखे वळते ते याचमुळे.

मात्र हे गणित एकसारख्या दुव्यांच्या रांगेचे आहे. आलेखावरचा ठिपका एकट्या दुव्याचा असतो. हेलिक्सच्या बेटावर एक ठिपका पडला म्हणून तिथे हेलिक्स आहे असे होत नाही. हेलिक्स म्हणायला लागोपाठचे चार-पाच दुवे तिथे हवेत, आणि त्यांचे हायड्रोजन बंध (i चा ऑक्सिजन ते i+4 चा नायट्रोजन) जुळायला हवेत. आलेख काढताना साखळीतला क्रम मिटून जातो, म्हणून ठिपक्याशेजारी दुव्याचा क्रमांक नसेल तर अर्धी माहिती हरवते.

युबिक्विटिनचे उदाहरण पाहा. हे 76 दुव्यांचे प्रथिन 1.8 अँगस्ट्रॉम इतक्या स्पष्टतेने 1987 मध्ये उलगडले, आणि त्याची रचना 1UBQ या नावाने साठवलेली आहे. 23 ते 34 हे बारा दुवे हेलिक्सचे असून त्यांचे ठिपके आल्फा बेटावर एकावर एक पडावेत इतके दाट बसतात. 1 ते 7 आणि 10 ते 17 या दोन पट्ट्या शीटच्या, त्यांचे ठिपके बहुतेक वरच्या बेटावर. या दोन पट्ट्यांना जोडणाऱ्या वळणातले लूसिन 8 आणि थ्रिओनिन 9 मात्र हेलिक्सच्या बाजूला पडतात, जरी जवळपास हेलिक्स नाही. ठिपके मोजून “इतके टक्के हेलिक्स” सांगणारा इथेच फसतो. वळणानंतर लगेच ग्लायसिन 10 उजवीकडे उडी मारते. हेलिक्स संपतो तिथे ग्लायसिन 35 असते, तेही उजवीकडे, φ सुमारे +80 वर. हेलिक्सच्या टोकाला अशी उलटी मुरड घालायची जागा ग्लायसिनसाठी राखून ठेवलेली आहे म्हणा. त्या जागी रासायनिक पद्धतीने डी-ग्लूटामिन, म्हणजे आरशातली प्रतिमा असलेले आम्ल, बसवले तरी प्रथिन नीट घडी घालते. नेहमीचे एल-ग्लूटामिन बसवले की स्थैर्य घटते.

उजव्या बाजूला ग्लायसिनांबरोबर अ‍ॅलॅनिन 46, अ‍ॅस्परजिन 60 आणि ग्लूटामिक आम्ल 64 हेही दिसतात. यांना बीटा कार्बन आहे, म्हणजे नियमाने तिथे जाऊ नयेत. पण डाव्या हाताच्या बेटावर अशा काही अपवादांना जागा असते, आणि अशा स्पष्ट रचनेत ते खरेच आहेत. तेव्हा प्रश्न “ठिपका बाहेर आहे का?” एवढाच नसून “तिथला घनतेचा नकाशा, म्हणजे क्ष-किरणांच्या मोजमापांतून काढलेला इलेक्ट्रॉनांचा नकाशा, त्याला आधार देतो का?” असा विचारायचा. नकाशात कार्बनिलच्या ऑक्सिजनचा फुगवटा स्पष्ट दिसला, तर अपवाद मान्य करावा. धूसर लूपमध्ये तोच कोन दिसला, तर पुन्हा बांधून पाहावे.

चुकांमध्ये सर्वात ओळखीची म्हणजे पेप्टाइडचे पान उलटे बसवणे. दोन आल्फा कार्बन जागच्या जागी राहतात, मधला सपाट तुकडा 180 अंश फिरतो. त्याने i या दुव्याचा ψ आणि i+1 चा φ एकदम बदलतात. म्हणून आलेखावर लागोपाठच्या क्रमांकाचे दोन ठिपके एकाच वेळी भलत्या जागी सापडले, तर संशय पेप्टाइडवर घ्यावा, दुव्यांवर नाही. पण यालाही अपवाद युबिक्विटिनमध्येच आहे. अ‍ॅस्पार्टिक आम्ल 52 आणि ग्लायसिन 53 यांच्यामधला तुकडा काही स्फटिकांत एका बाजूला, काहींत दुसऱ्या बाजूला सापडतो, आणि ती बांधणाऱ्याची चूक नसून प्रथिनाचीच हालचाल आहे.

रचना तपासायला PROCHECK (1993) या जुन्या कार्यक्रमात सर्वांत पसंतीच्या भागात 90 टक्क्यांहून अधिक दुवे असावेत अशी कसोटी होती. MolProbity ही नंतरची पद्धत अधिक चोख रचनांवरून आखलेली असल्याने तिथे पसंतीच्या भागात 98 टक्के अपेक्षित धरतात. दोन्ही कार्यक्रमांच्या सीमा वेगळ्या असल्याने आकडे एकमेकांशेजारी ठेवू नयेत. आणि जिथे स्पष्टता कमी, साधारण 3 अँगस्ट्रॉमच्या पलीकडे, तिथे हल्ली रचना जुळवतानाच φ आणि ψ ना बेटांकडे ढकलणारे बंधन लावता येते. अशा रचनेचा आलेख स्वच्छ दिसतो, पण तो स्वच्छ असणारच, कारण उत्तरपत्रिका आधीच दाखवलेली असते. बंधन लावले होते का, हे अहवालात शोधावे. लावले असेल, तर ठिपके सोडून हायड्रोजन बंध आणि घनतेचा नकाशा पाहावा.